पेढ्याचे आयुष्य आणि कारागिराचे बोट



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही पेढ्यावर बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे शिक्षण हॉटेलांच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या मागल्या खोलीत, भट्टीपाशी झाले, आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा आज जे सांगू ते थोडे वाचलेले आणि बरेचसे पाहिलेले आहे. प्रश्न अगदी साधा आहे : दुधाची मिठाई किती दिवस टिकते, आणि ती बिघडते ती नेमकी कशामुळे?

या प्रश्नाशी आमची गाठ पडली ती २०११ सालच्या गणेशोत्सवात. एका लहानशा दुकानातून, त्याचे नाव येथे नको, सुमारे बारा किलो खव्याचे मोदक विकले गेले. संध्याकाळी आरतीनंतर प्रसाद वाटला गेला आणि दोन-तीन तासांत तीन-चार घरांतून उलट्या सुरू झाल्या. ताप कोणालाच नव्हता. पोटात मुरडा, मळमळ आणि उलट्यांवर उलट्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक मंडळी उठून बसली. एका आजीबाईंना आणि एका लहान मुलाला मात्र अंगातले पाणी कमी झाल्यामुळे दवाखान्यात ठेवावे लागले.

मालकांनी प्रथम दुधाला दोष दिला, मग खवेवाल्याला. मोदक हुंगून पाहिले, चाखून पाहिले. वास नाही, आंबटपणा नाही, रंग बदललेला नाही. तेव्हा माल चांगलाच आहे असे ठरवून त्यांनी उरलेले तीन किलो मोदक कुस्करले, कढईत पुन्हा चांगले परतले आणि त्यांचे पेढे वळले. आगीतून गेलेली वस्तू शुद्धच, असा त्यांचा हिशेब. ते पेढे खाणाऱ्यांनाही तोच त्रास झाला. मग मात्र कोणीतरी कारागिरांचे हात पाहिले. साच्यावर बसणाऱ्या एका पोराच्या उजव्या अंगठ्याला नखुरडे झाले होते. त्यावर चिंधी बांधलेली होती, आणि चिंधी खव्याने माखलेली होती. मालकांनी त्याला त्याच क्षणी कामावरून काढले, आणि प्रकरण आमच्याकडे आले.

आमची चूक येथे कबूल केली पाहिजे. आम्ही मुठी आवळूनच गेलो. शिळ्या खव्याचे पाप गरिबाच्या अंगठ्यावर ढकलता काय, असे मालकांना चार लोकांत विचारले. एवढ्याशा नखुरड्याने बारा किलो मोदक बाधतील हे आम्हाला खरेच वाटले नव्हते. पुढे तपासणीचा अहवाल आला, त्यात खव्यात भेसळ निघाली नाही, जंतू निघाले. आम्ही तो कागद घेऊन महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी आमच्यासाठी दोन संध्याकाळी खर्च केल्या. मालकही चुकले होते आणि आम्हीही चुकलो होतो, हे तेव्हा आम्हाला उमगले.

आता खवा म्हणजे काय ते पाहू. म्हशीचे पाच लिटर दूध आटवले की साधारण किलोभर खवा होतो. दूध तासभर उकळत असते, त्यामुळे त्यातले बहुतेक जंतू मरून जातात. कढईतून नुकताच उतरलेला खवा जवळजवळ निर्दोष असतो. याचा अर्थ असा की मिठाई बिघडवणारे जे काही तिच्यात शिरते, ते बहुतांशी विस्तवावरून उतरल्यानंतर शिरते : परातीतून, फडक्यातून, साच्यातून, हवेतून आणि हातातून. दुकानदार चुलीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो, पण खरी राखण चुलीनंतर सुरू होते.

शिरलेला जंतू वाढायचा तर त्याला पाणी हवे आणि ऊब हवी. ताज्या खव्यात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे कमी-अधिक पाणी असते, म्हणून उन्हाळ्यात तो बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत आंबूस होतो किंवा त्यावर बुरशी चढते. त्याच खव्यात किलोला तीन-साडेतीनशे ग्रॅम साखर घालून परतले की दोन गोष्टी घडतात. परतताना काही पाणी उडून जाते, आणि उरलेले पाणी साखर स्वतःपाशी धरून ठेवते. पाणी आहे, पण ते जंतूला मोकळे मिळत नाही. म्हणून पेढा खव्यापेक्षा जास्त टिकतो. आपला सातारी कंदी पेढा पाहा. त्याचा खवा तांबूस होईपर्यंत भाजतात, म्हणून तो पांढऱ्या मऊ मलई पेढ्यापेक्षा कोरडा असतो आणि जास्त दिवस राहतो. उलट कलाकंद ओला आणि मोकळ्या कणांचा. तो त्याच दिवशी संपवलेला बरा. मिठाई जितकी मऊ आणि रसाळ, तितके तिचे आयुष्य थोडे, हा ठोकताळा ध्यानात ठेवला तर फारसे चुकायला होत नाही.

परंतु नखुरड्यातला जंतू या ठोकताळ्याला दाद देत नाही. त्याचे नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. गळवात, पिकलेल्या जखमेत तो असतो आणि पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकातही असतो. म्हणून नाक चोळून तोच हात मालाला लावणे हेही जखमेइतकेच वाईट. साखरेने इतर जंतूंची कोंडी होते, पण हा थोड्या मोकळ्या पाण्यावरही तग धरतो. शिवाय दुसरे जंतू साखरेने मागे पडलेले असल्याने त्याला मैदान मोकळे मिळते. वाढता वाढता तो अन्नात एक विष सोडतो. माणूस आजारी पडतो तो या विषाने. विष आधीच तयार असते, म्हणून उलट्या दोन-तीन तासांत सुरू होतात.

आता मालकांच्या कढईचे कोडे सुटते. परतल्याने जंतू मेला, विष मेले नाही. हे विष अर्धा तास उकळले तरी टिकून राहते. म्हणजे बाधलेल्या मोदकांचे पेढे केले तेव्हा चोर मेला, पण चोरीचा माल घरातच राहिला. वास का आला नाही, तेही कळते. आंबणे, बुरशी येणे, तार सुटणे ही दुसऱ्या जंतूंची आणि बुरशीची कामे. ती नाकाला आणि डोळ्याला दिसतात. हा जंतू वास, चव, रंग काहीच बदलत नाही. नाक चांगला नोकर आहे, त्याला कामावरून काढू नका. पण नाकाने पास केलेला माल निर्धोक, असे मात्र समजू नका.

एका अंगठ्याने बारा किलो मोदक कसे बाधले, हा आमचा मूळ प्रश्न होता. प्राध्यापकांनी आम्हाला त्या रात्रीचे वेळापत्रक मांडायला सांगितले. ते असे होते. सगळा खवा साखर घालून रात्री दहाला एकाच मोठ्या पातेल्यात परतला. मोदकाचे मिश्रण पार थंड झाले तर साच्यात भुरभुरते, आणि गरम असले तर हाताला चटका बसतो. कोमट असतानाच ते दाबायचे असते. म्हणून पातेल्यावर ओले फडके टाकून ते भट्टीच्या उबेला ठेवले आणि पोराने रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत मोदक पाडले. प्रत्येक गोळ्याला तो अंगठा लागला. मग मोदक ट्रेमध्ये तीन-तीन थर रचून दुकानात मांडले. भाद्रपदाची दमट हवा, वर दिव्यांची ऊब. प्रसाद वाटला गेला तो संध्याकाळी आठला.

म्हणजे पहिला मोदक पाडल्यापासून खाल्ला जाईपर्यंत एकवीस तास, आणि हे सगळे तास जंतूला मानवेल अशा उबेत. त्याला सर्वांत मानवते ती आपल्या अंगाइतकी ऊब, सदतीस अंशांच्या आसपासची. प्राध्यापकांनी पाटीवर गणित केले. समजा एका ग्रॅम मोदकात शंभर जंतू लागले, आणि साखरेमुळे ते सावकाश, तासाला दुप्पट, या गतीने वाढले. दहा वेळा दुप्पट म्हणजे हजारपट. दहा तासांत शंभराचे लाख होतात, आणि लाखाच्या पुढे गेले की त्रास देण्याइतके विष साठू लागते. येथे तर दहाच्या दुप्पट तास मिळाले होते. हेच मोदक पाडल्यावर तीन तासांत खाल्ले गेले असते, तर अंगठा तोच असूनही बहुधा कोणाला काही झाले नसते. अंगठ्याने ठिणगी टाकली, पण गवत वाळवून ठेवले होते ते त्या वेळापत्रकाने. म्हणूनच आम्ही म्हटले की मालकही चुकले आणि आम्हीही चुकलो.

यावर उपाय दुकानदाराच्या आवाक्यातले आहेत. पहिला उपाय, खवा एकदम न परतता दोन-दोन किलोचे घाणे करावे. एक घाणा अर्ध्या तासात साच्यातून निघतो, आणि कोमट मिश्रण तासन् तास पडून राहत नाही. साचा प्रत्येक घाण्यानंतर गरम पाण्याने व साबणाने धुऊन कोरडा करावा. ओले फडके तर भट्टीघरातून हद्दपारच करावे, कारण ते दिवसभर ओले आणि उबदार राहते व जंतूचे माहेरघर बनते.

दुसरा उपाय थंड करण्याचा. खव्याची किंवा बर्फीची जाडी दुप्पट केली तर मधल्या भागापर्यंत थंडावा पोचायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. दहा किलोचा गोळा रात्री शीतकपाटात ठेवला तर सकाळी वरून बर्फासारखा आणि पोटात कोमट निघतो. आम्ही हे बोट खुपसून पाहिलेले आहे. (बोट धुतलेले होते!) म्हणून खवा परातीत दीड-दोन बोटे जाडीचा पसरावा, जाळीखाली ठेवून त्याची वाफ जाऊ द्यावी, आणि मगच झाकून पाच अंशांच्या खाली ठेवावा. वाफ जाण्याआधी झाकण लावले तर झाकणाला पाणी सुटते, ते थेंब परत मिठाईवर पडतात, आणि जेथे थेंब पडला तेथे दोन दिवसांनी बुरशीचा हिरवट ठिपका उठतो. ठिपका खरवडून बाकीचा माल विकण्याची एक जुनी खोड आहे. बुरशीचे तंतू ठिपक्याच्या खाली, न दिसणाऱ्या भागात गेलेले असतात. तो माल फेकलाच पाहिजे.

शीतकपाटाबद्दल आणखी एक गोष्ट. थंड ट्रे दुपारी बाहेर काढला, रात्री आत टाकला, सकाळी पुन्हा बाहेर काढला, असे केले की दर वेळी दमट हवेतले पाणी मिठाईवर दवासारखे जमते. साखरेने बांधून ठेवलेल्या पाण्यात हे मोकळे पाणी येऊन मिळते, आणि पेढा वरून चिकट होतो. पेढा बोटाला चिकटू लागला की त्याची ही येरझार झाली आहे असे समजावे. दिवसाला लागेल तेवढाच माल बाहेर मांडावा, आणि बाहेर आलेला पुन्हा आत जाऊ नये.

तिसरा उपाय तारखेचा. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास उत्तम, हे लिहिलेच पाहिजे असा नियम अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून लागू केला. त्यांच्या मार्गदर्शनात साधारण हिशेब असा दिला आहे : कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ला-रसमलाईसारखे प्रकार दोन दिवस, खव्याचे पेढे व बर्फी चार दिवस, तूप व सुकामेव्याची मिठाई सात दिवस. हे आकडे स्वच्छ हातांनी केलेल्या आणि नीट ठेवलेल्या मालाचे आहेत. नखुरड्याच्या मोदकांना एक दिवसही मिळाला नाही, हे विसरू नये.

पाटी लावली म्हणजे काम झाले असेही नाही. पुष्कळ दुकानांत ट्रेमध्ये कालचे पाव किलो पेढे शिल्लक असतात आणि त्यांवरच आजचे दोन किलो ओततात. विकणारा वरून उचलतो. तळाचे पेढे तळालाच राहतात, आणि त्यांच्यावर रोज नवी तारीख चढते. पाटीवर बुधवार, आणि तळाला रविवार! ट्रे रिकामा करावा, धुवावा, कोरडा करावा, मग त्यात नवा माल घालावा. जुना उरला तर तो वेगळ्या ताटलीत, त्याच्या स्वतःच्या तारखेसह. रोज उरत असेल तर कमी करावा. उरलेल्या मालाचा पुन्हा नवा घाणा करणे हा व्यापार नव्हे, हे त्या तीन किलोंनी शिकवले.

आता आमच्या मूळ धंद्याकडे येतो. तो पोरगा चिंधी बांधून का बसला? आम्ही त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, बोट दाखवलं असतं तर पाच दिवसांचा खाडा पडला असता. गणपतीत खाडा पडला की बक्षिसीबी जाते." तेव्हा त्याचा रोज एकशे ऐंशी रुपये होता. पाच दिवसांचे नऊशे. मोदकाचा भाव होता किलोला तीनशे वीस, म्हणजे बारा किलोंचे तीन हजार आठशे चाळीस, शिवाय दवाखान्याची बिले मालकांनीच भरली, आणि गेलेले गिऱ्हाईक पुढल्या गणपतीपर्यंत परत फिरकले नाही. नऊशे रुपये वाचवायला हा खर्च. बोट लपवण्याचे कारण त्या पोराच्या अडाणीपणात नव्हते, हजेरीच्या वहीत होते. जेथे दुखणे दाखवले की मजुरी कापली जाते, तेथे दुखणी दाखवली जात नाहीत. ती खव्यात जातात.

आम्ही हे गणित मालकांपुढे मांडले, आणि आधी केलेल्या आरोपाबद्दल त्याच चार लोकांत क्षमा मागितली. मग तडजोड झाली. पोरगा कामावर परत आला. ठरले ते एवढेच : रोज काम सुरू करताना सर्वांनी हात दाखवायचे, मालकांनीसुद्धा. पिकलेली जखम, गळू, नखुरडे, उलट्या-जुलाब असेल त्याने उघड्या मालाला आणि त्याच्या भांड्यांना हात लावायचा नाही. अंगात बळ असेल तर खोकी जुळवायची, बांधलेला माल पोचवायचा, हिशेब लिहायचा. नसेल तर घरी राहायचे. दोन्ही वेळी रोज पूर्ण. साधे कोरडे कापले असेल तर पाणी न शिरणारी पट्टी, तिच्यावर हातमोजा, आणि हातमोजा प्रत्येक घाण्याला नवा. मळका हातमोजा मळक्या हाताहून वाईट, कारण आपला हात मळलेला आहे हे हातमोज्यातल्या माणसाला कळत नाही.

पहिल्या वर्षी मालक कुरकुरले. आता लोक रोज बोट दाखवून बसतील, असे त्यांना वाटत होते. वर्षभरात भर पगारी खाडे पडले ते एकंदर अकरा. ती वही आमच्यापाशी आहे. पुढे आणखी काही दुकानांनी हा करार उचलला. काहींनी उचलला नाही, तेथे आमचे बोलणे चालू आहे.

शेवटी आपण गिऱ्हाईक मंडळींबद्दल. "आजचा आहे ना?" या प्रश्नाला आजवर कोणत्याही दुकानदाराने नाही म्हटलेले आम्ही ऐकले नाही. त्यापेक्षा ट्रेवरची तारीख वाचा, झाकणाच्या आत पाण्याचे थेंब आहेत का पाहा, आणि माल देणारा पैशाला लावलेलाच हात पेढ्याला लावतो की चिमटा वापरतो ते पाहा. घरी नेल्यावर खोके देवापुढे दोन दिवस बंद ठेवू नका. नैवेद्य दाखवून झाला की वाटून टाका किंवा थंडाव्यात ठेवा. आणि जमल्यास दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा : तुमच्या कारागिराचे बोट दुखत असेल तर त्या दिवशीचा रोज त्याला मिळतो का? दुकानदार चमकेल. पण पेढा किती दिवस टिकेल याची निम्मी माहिती त्या उत्तरात आहे.